कच्च्या अंड्याचा हात, फडकं आणि ओटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या पुष्कळ घरांत अंड्या-मटणाची भांडी वेगळी असतात. कढई वेगळी, उलथनं वेगळं, काही ठिकाणी तर ताटंसुद्धा वेगळी. पण ओटा पुसायचं फडकं एकच असतं, नळ एकच असतो आणि चटणीचा डबाही एकच. कच्च्या अंड्यातला जंतू घरभर फिरतो तो याच तीन वाटांनी. म्हणून या पानावर भांड्यांपेक्षा हात, फडकं, बोर्ड आणि ओटा यांचाच विचार जास्त केला आहे.

अंडं आपण शिजवूनच खातो. मग कच्च्या अंड्याची एवढी काळजी कशाला?

तव्यावरच्या अंड्याची काळजी नाहीच. पांढरं आणि पिवळं दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजलं, म्हणजे आतलं तापमान 71 अंश सेल्सिअसच्या वर गेलं, की साल्मोनेला हा जंतू मरतो. रश्शात फोडून सोडलेलं अंडं नीट घट्ट झालं असेल तर तेही सुरक्षित.

प्रश्न आहे तव्यावर न गेलेल्या अंड्याचा. फोडताना बोटांना लागलेला बलक, कवचातून ओट्यावर ओघळलेला थेंब, फेटताना बाजूला उडालेले शिंतोडे यांना आच लागतच नाही. बोटांवरून ते काकडीवर, कोथिंबिरीवर, भाकरीच्या टोपलीवर गेले तर तिथेही आच लागणार नाही. कांदा, लिंबू, कोशिंबीर, दही, तेल घालून कालवलेली चटणी या आपल्या ताटातल्या कच्च्या गोष्टी आहेत आणि धोका त्यांनाच आहे.

जंतू कवचावर असतो की आत?

दोन्हीकडे असू शकतो. कोंबडीची विष्ठा लागल्याने तो कवचावर येतो. आणि साल्मोनेलाचा एक प्रकार कोंबडीच्या अंडाशयातून, कवच तयार होण्याआधीच अंड्याच्या आत जातो. त्यामुळे वरून स्वच्छ, पांढरंशुभ्र, न तडकलेलं अंडंही आतून जंतू घेऊन आलेलं असू शकतं. गावरान अंड्यालाही हेच लागू आहे. उलट ती कोंबडी परसात कुठेही अंडं घालते, त्यामुळे कवचाला माती आणि विष्ठा लागलेली जास्त दिसते.

बहुतेक अंड्यांत तो नसतो हेही खरं. पण कुठल्या अंड्यात आहे हे बघून, हुंगून किंवा हलवून कळत नाही. म्हणून प्रत्येक कच्चं अंडं एकाच पद्धतीने हाताळायचं.

अंडं पाण्यात टाकून बघितलं, बुडालं. मग ते सुरक्षित ना?

ते ताजं आहे एवढंच कळलं. अंडं जुनं होतं तशी त्याच्या आतली हवेची पोकळी वाढते आणि ते तरंगू लागतं. जंतूचा या पोकळीशी काही संबंध नाही. आजच घातलेल्या, तळाला जाऊन आडव्या पडलेल्या अंड्यातही तो असू शकतो. आणि ज्या पातेल्यात ही परीक्षा केली त्या पातेल्याला आणि पाण्याला आता कवचावरची घाण लागलेली आहे, ते विसरू नका.

बाजारातून आणल्यावर अंडी धुऊन ठेवावीत का?

नको. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि त्यांवर एक पातळ नैसर्गिक थर असतो. धुताना तो थर जातो. शिवाय उबदार अंड्यावर गार पाणी ओतलं की आतला भाग किंचित आकसतो आणि बाहेरचं पाणी, त्यातल्या घाणीसकट, छिद्रांतून आत ओढलं जाऊ शकतं. वर सिंकमध्ये शिंतोडे उडतात ते वेगळेच, आणि बऱ्याचदा शेजारीच चाळणीत भाजी धुऊन ठेवलेली असते.

फार माखलेलं अंडं घेऊच नका. घरी आल्यावर एखाद्याला घाण दिसली तर कोरड्या कागदाने पुसा, कागद टाका, हात धुवा. अंडी झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. दुकानातून आलेली पिशवी किंवा पुठ्ठ्याचा ट्रे ओट्यावर टेकवू नका, आणि तो ट्रे नंतर लसूण-बटाटे ठेवायला वापरू नका. पिशवीत एखादं अंडं फुटलेलं निघालं तर बाकीच्या सगळ्यांवर तो बलक माखलेला असतो. अशी अंडी आधी वापरून टाका आणि पूर्ण शिजवा.

जंतू नेमका कसा पसरतो? एखादं उदाहरण सांगाल?

समजा राजारामपुरीतल्या एका घरात रविवारची सकाळ आहे. नऊ वाजता सहा अंड्यांची ऑम्लेटं होणार आहेत आणि दुपारी मटणाचा बेत आहे.

गृहिणीने पसरट ताटलीत अंडी फोडली. पांढरा बलक बोटांना लागला, तो तिने दुसऱ्या हाताने निपटला. कवचं ओट्यावरच ठेवली. मीठ टाकायला बरणी उघडली, मग चटणीच्या डब्यात दोन बोटं घालून चिमूट काढली. अंडी जोरात फेटली. गॅसची खुंटी फिरवली, लायटर उचलला. तवा तापेपर्यंत हात धुवायला नळ उघडला, तोही त्याच हाताने. हात पाण्याखाली धरले आणि फडक्याला पुसले. ओट्यावर कवचांखाली थोडा ओलावा दिसला, तो त्याच फडक्याने पुसला आणि फडकं पिळून नळावर टाकलं. स्वयंपाकघर स्वच्छ दिसतंय. ऑम्लेटं छान झाली आणि ती पूर्ण सुरक्षितही आहेत.

आता बारा वाजलेत. फडकं अजून दमट आहे, कारण घडी करून टाकलेलं कापड आतून वाळत नाही. गेले तीन तास ते उबदार खोलीत, अंड्याचा अंश घेऊन पडून आहे. जंतूला वाढायला लागतं ते सगळं तिथे आहे: ओलावा, ऊब आणि खाद्य. त्या फडक्याने चॉपिंग बोर्ड पुसला, त्यावर काकडी, टोमॅटो, कांदा चिरला, वर दही घालून कोशिंबीर झाकून ठेवली. दीड वाजता जेवणं झाली. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, मटण, सगळं खळखळून उकळलेलं होतं.

सोमवारी संध्याकाळी घरातल्या सगळ्यात लहान मुलाला ताप आणि जुलाब सुरू झाले, रात्री आजोबांना. घरात सगळे म्हणाले, मटण बाधलं. पण मटण तासभर शिजलं होतं, ताटात कच्ची होती ती कोशिंबीर. साल्मोनेलाचा त्रास खाल्ल्यावर 6 ते 72 तासांत कधीही सुरू होतो, त्यामुळे लोक शेवटच्या किंवा मोठ्या जेवणाला बोल लावतात आणि सकाळचं फडकं कुणाच्या लक्षातही येत नाही.

या सकाळीत मोठी चूक अशी एकही नाही. हात धुतले होते, पण साबण नव्हता. ओटा पुसला होता, पण पुसलेलं सगळं फडक्यातच राहिलं. नळाची चावी तर कुणी धुतलीच नाही, आणि त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाने तिला हात लावला.

मग यात बदल काय करायचा?

सगळ्यात जास्त फरक पडतो तो कामाचा क्रम बदलल्याने. माझ्या मते जंतुनाशकाच्या बाटलीपेक्षाही याचा उपयोग जास्त आहे, आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

जे कच्चं खायचं आहे ते आधी चिरा, झाका आणि ओट्यावरून हलवा. मग ऑम्लेटला लागणारं मीठ, हळद, चटणी, चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर हे सगळं एका वाटीत काढून घ्या आणि डबे बंद करून जागेवर ठेवा. तेलाची बाटली, तवा, उलथनं, खायची ताटली बाहेर काढा. कवचांसाठी एक जुनी वाटी किंवा कचऱ्याचा डबा हाताशी ठेवा. हे सगळं झाल्यावरच अंड्याला हात लावा. फोडली की कवचं थेट वाटीत, आणि लगेच साबणाने हात. फेटणं आणि तव्यावर घालणं त्यानंतर.

यात वेळ जास्त लागत नाही, कारण ही कामं तुम्ही एरवीही करताच. फक्त अंडं फोडणं अगदी शेवटी जातं, आणि अंड्याच्या हाताने उघडण्यासारखं ओट्यावर काही उरत नाही.

फेटायला ताटली घेऊ नका, खोल पातेलं किंवा उंच वाटी घ्या. 1994 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी मुद्दाम जंतू मिसळलेलं अंडं वापरून हे तपासलं होतं. घोटताना-फेटताना उडालेले थेंब भांड्यापासून 40 सेंटीमीटरपेक्षाही लांब सापडले. म्हणजे साधारण हातभर अंतर. तेवढ्या टप्प्यात झाकण नसलेली भाकरी, चिरलेला कांदा किंवा पाण्याचा माठ नको. त्याच तपासणीत असंही दिसलं की ओट्यावर वाळलेल्या अंड्याच्या पातळ थरातून 24 तासांनंतरही जिवंत जंतू मिळतात. वाळलेलं म्हणजे निर्धोक, असं धरून चालता येत नाही.

आणि चमचा. ज्या चमच्याने कच्चं अंडं फेटलं तोच बुर्जी हलवायला आणि शेवटी वाढायला घेऊ नका. फेटल्याबरोबर तो सिंकमध्ये जाऊ दे.

हात किती वेळ धुवायचे? सॅनिटायझर चालेल का?

साबण लावून 20 सेकंद चोळायचे. बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडेला आणि अंगठी असेल तर तिच्याखाली. पांढरा बलक चिकट असतो आणि पारदर्शक असतो, त्यामुळे नुसत्या पाण्याखाली हात धरला तर निघाल्यासारखा वाटतो पण निघत नाही. हात वाळले की बोटं ओढल्यासारखी वाटतात ना, तो राहिलेला बलक आहे.

नळ अंड्याच्या हाताने उघडला असेल तर साबणाचे हात त्याच्या चावीवरूनही फिरवा आणि दोन्ही एकदम धुवा. लांब दांड्याचा नळ असेल तर कोपराने उघडता येतो, तसा उघडा.

सॅनिटायझर इथे कामाचा नाही. अंड्याचा थर हातावर असताना त्यातलं अल्कोहोल जंतूपर्यंत नीट पोचत नाही. लिंबू, बेसन किंवा चहापूड चोळल्याने वशट वास जातो, जंतू जातातच असं नाही. वास घालवायचा असेल तर साबणाने धुतल्यानंतर खुशाल लिंबू लावा.

हात पुसायला ओट्याचं फडकं घेऊ नका. हातांसाठी वेगळा नॅपकिन ठेवा आणि तो रोज बदला.

फडक्याचं काय करायचं? रोज धुतो तरी वास येतो.

फडकं पुसतं ते नाहीसं होत नाही, ते फडक्यात येतं आणि पुढच्या जागी उतरतं. म्हणून अंड्यासाठी एकच नियम पाळा: अंडं पुसलेलं फडकं दुसरं काही पुसायला वापरायचं नाही.

यासाठी सोपी सोय म्हणजे जुन्या सुती साडीचे, धोतराचे किंवा बनियनचे तळहाताएवढे तुकडे करून एका डब्यात ठेवणं. अंडं सांडलं की एक तुकडा घ्या, टिपा, आणि तो कचऱ्यात टाका किंवा धुण्याच्या वेगळ्या बादलीत. नेहमीचं फडकं त्या जागेवर साबणाने धुऊन झाल्यावरच फिरवायचं. जुना वर्तमानपत्राचा कागदही सांडलेलं अंडं टिपायला चालतो. त्यावर खायचं काही ठेवायचं नाही एवढंच.

नेहमीची फडकी रोज साबणाने धुवा, आणि पाणी उकळायला लागल्यापासून 10 मिनिटं उकळून, पसरून, कडक उन्हात वाळवा. वास येतोय याचा अर्थ फडकं धुण्याआधी किंवा धुतल्यावर फार वेळ ओलं राहतंय.

जून ते सप्टेंबर हा खरा अवघड काळ. कोल्हापूरच्या पावसात चार-चार दिवस ऊन दिसत नाही आणि दोरीवरचं फडकं दुसऱ्या दिवशीही दमट लागतं. तेव्हा फडक्यांची संख्या वाढवा, जाड टर्किशऐवजी पातळ सुती घ्या आणि गॅसपासून सुरक्षित अंतरावर किंवा पंख्याखाली पसरून टाका. लवकर हवं असेल तर उकळून पिळलेल्या फडक्यावर गरम इस्त्री फिरवून ते पूर्ण कोरडं करता येतं. दमट फडकं घडी करून नळावर टाकणं मात्र पावसाळ्यात पूर्ण बंद करा.

घासणीचंही तसंच. स्पंज आतून कधी वाळत नाही. अंड्याची भांडी घासल्यावर तो उकळत्या पाण्यात टाका, पिळून उभा ठेवा आणि दर पंधरवड्याला बदला. भांड्याच्या साबणाच्या वडीखाली जे पांढरं पाणी साचतं ते रोज ओता. त्या पाण्यात खरकटं असतंच.

ओट्यावर अंडं सांडलं. गरम पाणी ओतू का?

आधी गरम पाणी नको. अंड्याचा पांढरा भाग साधारण 62-65 अंशांच्या पुढे घट्ट होऊ लागतो. कढत पाणी ओतलं की तो दगडाच्या बारीक खाचांत आणि फरशीच्या सांध्यांत शिजून चिकटतो, आणि मग घासूनही निघत नाही.

आधी तुकड्याने किंवा कागदाने जेवढं उचलता येईल तेवढं उचला. मग साध्या पाण्यात साबण घालून ती जागा घासा. दिसतं त्याच्यापेक्षा वीतभर जास्त घासा, कारण पांढरा बलक पारदर्शक असतो आणि कडेला किती गेलाय ते दिसत नाही. ओट्याची पुढची कड आणि तिच्याखालचं ड्रॉवरचं हँडल बघायला विसरू नका, ओघळ तिथेच जातो. साबण पाण्याने काढून टाका. एरवीच्या दिवशी एवढं पुरतं.

घरात लहान बाळ, गरोदर बाई, वयस्कर किंवा आजारी माणूस असेल, किंवा बरंच अंडं सांडलं असेल, तर वर जंतुनाशकाचा हात द्या. बिनवासाचं घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, साधारण 4 ते 5 टक्क्यांचं मिळतं. त्याचा एक छोटा चमचा, 5 मिली, एक लिटर साध्या पाण्यात मिसळा. साबण धुऊन झालेल्या ओट्यावर ते लावा, दोन-तीन मिनिटं ओलं राहू द्या आणि आपोआप वाळू द्या. अंडं न काढता थेट ब्लीच ओतलं तर ते अंड्यावरच खर्ची पडतं आणि जंतूला पुरत नाही. हे पाणी त्या दिवसापुरतंच करा. ते व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायच्या आम्लात कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. खिडकी उघडी ठेवा.

लिंबू-व्हिनेगरवर जंतुनाशक म्हणून भरवसा ठेवता येत नाही. शिवाय कडाप्पा हा चुनखडीचा दगड आहे. आम्लाने त्याला खड्डे पडतात, आणि त्या खड्ड्यांत पुढचं अंडं आणखी रुतून बसतं. अंगाला लावायचं अँटिसेप्टिकही ओट्यासाठी नाही, कारण तिथे आपण पोळी लाटतो.

बोर्ड लाकडी बरा की प्लास्टिकचा? विळी वापरली तर?

लाकूड की प्लास्टिक या वादात फार पडू नका. खरा फरक सुरीच्या चरांनी पडतो. नवा, गुळगुळीत बोर्ड साबणाने नीट धुतला जातो, चरे पडलेला जात नाही. बोटाचं नख फिरवल्यावर चरा अडकत असेल तर तो बोर्ड कच्च्या खाण्यासाठी वापरू नका.

खरं तर कच्च्या अंड्याला बोर्ड लागतच नाही. बोर्डाला अंडं लागतं ते तीन कारणांनी: शेजारी ओट्यावर अंडी फोडली म्हणून, कवचं त्यावर ठेवली म्हणून, किंवा अंड्याच्या फडक्याने तो पुसला म्हणून. अंडी फोडायच्या आधी बोर्ड उचलून उभा करून ठेवला तर तिन्ही कारणं संपतात. लागलंच तर साबण आणि काथ्याने दोन्ही बाजू घासा, पाण्याने धुवा आणि भिंतीला टेकवून उभा वाळवा. ओला बोर्ड ओट्यावर पालथा ठेवला तर खालची बाजू दिवसभर ओली राहते.

विळीला पातं आणि पाट जिथे जुळतात तिथे फट असते. बलक तिथे गेला तर जुन्या दातांच्या ब्रशने साबण लावून काढावा लागतो.

अंड्याचा हात चुकून चटणीच्या डब्यात गेला. चटणी टाकायची का?

हा प्रश्न कोल्हापूरकरांनी विचारायलाच हवा, कारण आपली कांदा-लसूण चटणी नुसती फोडणीत जात नाही. भाकरीवर घेऊन, वर कच्चं तेल सोडून आपण ती तशीच खातो.

कोरड्या मसाल्यात साल्मोनेला वाढत नाही, पण मरतही नाही. तो महिनोन्महिने टिकून राहू शकतो. तिखटाने किंवा मिठाने तो मरेल असं समजू नका. जिथे बोट लागलं तिथला ओला गोळा आणि त्याच्या आजूबाजूची मूठभर चटणी काढून टाका. उरलेली वेगळ्या डब्यात घालून त्यावर खूण करा आणि फक्त उकळत्या रश्शासाठी वापरा. कच्ची खायला नको. वर्षाची चटणी मोठ्या कष्टाने केलेली असते, ती फेकवत नाही हे मला समजतं. म्हणूनच मोठा डबा वर ठेवून रोजच्या वापराला लहान डबी काढा, आणि तीत बोट नाही, कोरडा चमचा घाला.

आमच्याकडे अंड्याची भांडी वेगळी आहेत आणि सासूबाई अंडं खातच नाहीत. त्यांना धोका नाही ना?

आहे, आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही म्हणून जास्त आहे. अंडं न खाणाऱ्या माणसाला अंड्यातला जंतू बाधेल असं डॉक्टरांना सांगायचंही कुणाच्या मनात येत नाही. पण त्या पाणी त्याच नळाचं घेतात, त्यांची काकडी त्याच ओट्यावर चिरली जाते आणि त्यांचं ताट त्याच फडक्याने पुसलं जातं.

भांडी वेगळी ठेवायची तुमची रीत चांगली आहे, ती मोडू नका. तिच्यात एक वेगळं फडकं आणि एक वेगळी घासणी घाला. रंगाने ओळखू येतील अशा घ्या आणि त्यांची खुंटीही वेगळी ठेवा. वयस्कर माणसं रोज ॲसिडिटीची गोळी घेत असतील तर आणखी जपा. पोटातलं आम्ल हा जंतूविरुद्धचा पहिला अडथळा असतो आणि ती गोळी तोच कमी करते.

आपण स्वच्छता पाळतो आहोत की नाही हे कळायचं कसं?

जंतू दिसत नाहीत, पण अंडं कुठे कुठे जातं ते हळदीने दिसतं. एक दिवस अंडी फोडून झाल्यावर लगेच त्यात अर्धा चमचा हळद घाला, थोडं बोटांनाही लागू द्या, आणि नेहमीसारखं काम करा. मुद्दाम जपू नका. ऑम्लेटं झाल्यावर एका पांढऱ्या ओल्या कापडाने नळाची चावी, गॅसच्या खुंट्या, फ्रिजचं हँडल, मिठाच्या बरणीचं झाकण आणि मोबाइलची मागची बाजू पुसून बघा. पिवळं दिसेल तिथे अंडं गेलेलं आहे. कापडाला साबण लावला की हळदीचा डाग तांबडा होतो, त्यामुळे फिकट डागही ओळखू येतात. शेजारी सांगलीला हळदीची एवढी मोठी पेठ असताना तपासणीला दुसरा रंग आणायची गरज नाही.

मर्यादा एवढीच की पिवळं दिसलं नाही म्हणून अंडं लागलंच नाही असं म्हणता येत नाही. ही चाचणी आपल्या हाताच्या सवयी दाखवते. बहुतेक घरांत नळ आणि गॅसची खुंटी पिवळी निघते, आणि एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की सांगावं लागत नाही.

मुलगा तालमीत जातो, दुधात कच्चं अंडं घालून पितो. निदान स्वयंपाकघर तरी कसं जपावं?

आधी त्याला अंडी उकडून खायला सांगा. शिजलेल्या अंड्यातली प्रथिनं शरीराला कच्च्यापेक्षा जास्त मिळतात, त्यामुळे कच्चं पिण्यात ताकदीचाही फायदा नाही. तरी तो पीतच असेल तर तो पेला आणि चमचा त्याचा वेगळा ठेवा आणि प्यायल्याबरोबर आधी साध्या पाण्याने, मग साबणाने धुऊन घ्या. मिक्सरच्या भांड्यात अंडं फिरवू देऊ नका. पात्याखालच्या रबरी चकतीत ते अडकतं, आणि त्याच भांड्यात दुपारी खोबऱ्याची चटणी वाटली जाते.

एवढं करूनही कुणाला त्रास झाला तर?

जुलाब, पोटात मुरडा, ताप आणि उलट्या ही लक्षणं. बहुतेक मोठी माणसं 4 ते 7 दिवसांत बरी होतात. सुरुवातीपासून ओआरएस घोट-घोट देत राहा. पूर्ण पुडी, पुडीवर लिहिलेलं असेल तेवढ्याच पाण्यात. मनाने अँटिबायोटिक देऊ नका.

शौचात रक्त दिसलं, ताप 39 अंश सेल्सिअसच्या पुढे गेला, पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली, किंवा तीन दिवसांत जुलाब थांबले नाहीत, तर सीपीआर रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. तान्हं बाळ, गरोदर बाई आणि वयस्कर यांच्यासाठी तीन दिवस वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. डॉक्टरांना गेल्या तीन दिवसांत काय खाल्लं ते सगळं सांगा, कच्चं काय होतं ते आधी.

घरातल्या आजारी माणसाने बरं वाटल्यावरही काही दिवस स्वयंपाकात हात घालू नये. जुलाब थांबल्यानंतरही काही आठवडे जंतू शौचावाटे बाहेर पडत राहू शकतो, आणि शौचानंतर साबणाने हात नीट धुतले नाहीत तर तो पुन्हा ओट्यावर येतो. त्या दिवसांत त्या माणसाचा टॉवेल वेगळा ठेवा.